न उडणारे पतंग

आमच्या जतच्या घरात भिंतीवर पहिल्यांदा पतंग लावले तेव्हा मी ते सरळ चिकटपट्टीनं चिकटवले होते. भोगीच्या रात्री नऊ पतंग लावले. संक्रांतीला दुपारी बायका हळदीकुंकवाला यायच्या वेळेपर्यंत त्यातले चार खाली आले, आणि ज्यांनी जागा सोडली त्यांनी डिस्टेंपरचे तळहाताएवढे पोपडेही सोबत आणले. उरलेल्या पाचांतले दोन चिकटपट्टीच्या कडेनं फाटून लोंबत होते. शेजारच्या वैनी वाण घेता घेता म्हणाल्या, "बाई, ह्ये पतंग उडत्यात का पडत्यात?" शाळेत तीस वर्षं कार्यानुभव शिकवलेल्या बाईला हे ऐकून घ्यावं लागलं. त्या वर्षापासून मी यात लक्ष घातलं.

तशी आमच्याकडची संक्रांत पतंगांची नव्हे. पतंगांची संक्रांत बघायची तर नाशिक जिल्ह्यात येवल्याला जावं. तिथं भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस अख्खं गाव गच्चीवर असतं, दोरा गुंडाळायला आसारी असते आणि हलकडीच्या तालावर पेच लागतात. जतमध्ये संक्रांत म्हणजे तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, सुगडं, तिळगूळ आणि रथसप्तमीपर्यंत चालणारं हळदीकुंकू. पतंग इथं येतो तो बैठकीतल्या सजावटीत, आणि अलीकडे लेकरांच्या बोरनहाणाला मागं काहीतरी रंगीत हवं म्हणून. म्हणजे आपल्याला हवा आहे तो न उडणारा पतंग. सगळी अडचण इथंच आहे. जी वस्तू वारा धरण्यासाठी बनवलेली आहे तिला स्वस्थ बसवायचं आहे, आणि तेही एका दिवसासाठी नाही. रथसप्तमी कधी लवकर येते, कधी उशिरा. २०२६ साली ती २५ जानेवारीला, तर त्याआधी २०२४ साली १६ फेब्रुवारीला होती. म्हणजे सजावट कधी अकरा-बारा दिवस टिकली तरी भागतं, कधी तिला महिनाभर तग धरावा लागतो. एका संध्याकाळच्या फोटोपुरतं करायचं असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, चिकटपट्टी आहेच.

बैठकीच्या भिंतीपासून सुरुवात करू, कारण खरा पतंगी कागद शोभतो तो तिथंच. बाल्कनीचं गणित वेगळं आहे, त्याकडे नंतर येते.

संक्रांतीचा रंग काळा. मग पतंगांच्या मागं काळं काहीतरी असावं हे मला फार उशिरा सुचलं, आणि उत्तर कपाटातच होतं: काळी इरकल. आमच्या भागात इरकल नाही असं घर शोधावं लागेल. इलकल गाव सीमेपलीकडे असलं तरी साडी केव्हाच आमची झालेली आहे. सहावारी साडी साधारण अठरा फूट भरते. ती लांबीत मधोमध दुमडली की नऊ फूट रुंद आणि पावणेचार फूट उंच असा दुपदरी काळा पडदा तयार होतो, वर-खाली लाल काठ आयते मिळतात. साडीला एकही टाचणी लावायची नाही. दारं-खिडक्यांच्या वर पडद्याचा रॉड असेल तर उत्तम, नसेल तर दहा फुटी सरळ बांबू दोन मजबूत खिळ्यांवर आडवा ठेवावा आणि साडीचा वरचा काठ कपड्यांच्या चिमट्यांनी त्याला धरावा. सुतळीवर साडी टाकू नका. साडीच्या वजनानं सुतळी मधे दबते, वरचा काठ धनुष्यासारखा वाकतो आणि मग पुढचे पतंग कितीही नीट लावले तरी सगळंच कलल्यासारखं दिसतं.

आता कागद. दुकानात पतंगी कागद म्हणून जो मिळतो त्याचा पूर्ण ताव बहुतेक वीस बाय तीस इंचांचा असतो. घेण्याआधी एक करून बघा: कागदाचा कोपरा काळ्या कापडावर ठेवा. दुकानात हातात धरलेला लिंबासारखा पिवळा काळ्यावर ठेवताच शेवाळी होतो. पतंगी कागद इतका पातळ असतो की मागचा काळा त्यातून वर येतो. माझ्या मैत्रिणीनं मोठ्या हौसेनं जांभळे आणि गर्द निळे पतंग केले होते. साडीवर लावल्यावर नुसत्या पांढऱ्या शेपट्या दिसत होत्या. यावर उपाय म्हणजे प्रत्येक पतंगाला मागून पांढऱ्या पतंगी कागदाचं अस्तर द्यायचं. दोन पदर झाले की रंग उजळतो आणि कागदाला थोडी ताकदही येते. रंग पिवळा, केशरी, पोपटी, पांढरा असे घ्यावेत. राणी रंग काळ्यावर फार सुंदर दिसतो, पण उन्हात पहिला तोच उडतो, म्हणून तो घरातच ठेवावा.

किती पतंग? नऊ फुटांच्या साडीवर पाच पुरेत. दोन मोठे, तीन लहान. तीस बाय वीसच्या तावातून पंधरा इंचांचे दोन चौकोन निघतात आणि पाच इंच रुंदीची एक पट्टी उरते, ती शेपटीला कामाला येते. दहा इंचांचे कापले तर त्याच तावातून बरोबर सहा निघतात, काही वाया जात नाही. तेव्हा एक पिवळा ताव मोठ्या दोन पतंगांना, एक केशरी लहान तिघांना, आणि अस्तरासाठी दोन पांढरे. केशरी तावातले तीन चौकोन उरतील, ते ठेवून द्या, एखादा फाटतोच. चौकोन कापताना कागद दुमडून सुरीनं फाडू नका. पातळ कागद रेषा सोडून भलतीकडे फाटत जातो. खाली जुनं पुठ्ठ्याचं कॅलेंडर ठेवून, पट्टी दाबून, नव्या ब्लेडनं एकाच ओढीत कापा.

पिवळा आणि पांढरा हे दोन चौकोन एकमेकांना चिकटवायचे ते पूर्ण पाठभर नव्हे, फक्त चारही कडांना पाव इंचाची पट्टी धरून. पाठभर चिकटवलं की सुरकुत्या पडतात आणि पतंग धुतलेल्या रुमालासारखा दिसतो. चिकटवायला बाजारातला पांढरा डिंक वापरला तरी चालतं, पण तो सुकताना कडक होतो आणि इतका पातळ कागद त्या रेषेवर आक्रसतो. मी अजून खळच करते. एक वाटी पाण्यात दोन चहाचे चमचे मैदा आधी थंडच कालवायचा, गुठळी राहू द्यायची नाही, मग मंद आचेवर ढवळत राहायचं. पांढरट दिसणारी खळ हळूहळू पारदर्शक व्हायला लागली आणि चमच्यावरून तारेसारखी न पडता ओघळू लागली की उतरवायची. गार झाल्यावरच लावायची. पूर्वी बुकबाइंडर खळीत मोरचूद घालत, कसर लागू नये म्हणून. महिनाभराच्या सजावटीला त्याची गरज नाही आणि मोरचूद विषारी असल्यामुळे लेकरांच्या घरात तर नकोच. दोन दिवसांत खळ आंबते, तेव्हा लागेल तेवढीच करा.

कडा चिकटवतानाच एक काम उरकून घ्यावं. पाव इंचाच्या दुमडीत साधा शिवणाचा दोरा घालून मग कड दाबायची. पतंग बनवणारे हे करतातच, पण घरी करताना हमखास राहून जातं. जतची जानेवारीतली हवा किती कोरडी असते ते आपल्या ओठांना आणि टाचांना ठाऊक आहे. कागदालाही ती तितकीच जाणवते. पातळ कागद कोरड्या हवेत थोडा आकसतो, ताणलेला असेल तर कडेला बारीक चीर पडते आणि ती चीर एका रात्रीत मधोमध पोचते. दुमडीतला दोरा त्या चिरेला तिथंच अडवतो.

काड्यांसाठी बांबूच्या कामट्या मिळाल्या तर घ्या. आम्ही लहानपणी खराट्याचे हीर वापरायचो आणि सजावटीच्या पतंगाला ते अजूनही पुरतात. उभा कणा सरळ हवा: पंधरा इंची पतंगाला एकवीस इंच, दहा इंचीला चौदा. त्याला एक जाडसर हीर बास. घोटाळा होतो तो आडव्या कमानीत. हीर बुंध्याला जाड आणि शेंड्याला बारीक असतो. एकटा वाकवला की बारीक बाजू जास्त वाकते, जाड बाजू ताठ राहते, आणि पतंगाचा एक खांदा पडलेला दिसतो. मुलांच्या पतंगांत हे दरवर्षी बघत आले. म्हणून कमानीला दोन हीर घ्या, एकाचा बुंधा दुसऱ्याच्या शेंड्याशी येईल असे उलटसुलट जोडा आणि तीन-चार ठिकाणी दोऱ्यानं बांधा. अर्धा तास पाण्यात भिजवून मग वाकवा, म्हणजे मोडत नाहीत. मोठ्या पतंगाची कमान सुमारे तेवीस-चोवीस इंच, लहानाची सोळा. भिजवलेले हीर कागदावर ठेवण्याआधी पूर्ण वाळू द्या. मी एकदा घाई केली आणि ओल्या हिरामुळे केशरी रंग उतरून पांढऱ्या अस्तरावर कमानीच्या आकाराचा डाग उमटला. पतंगी कागदाचा रंग पाणी लागलं की सुटतोच, हे साडीच्या बाबतीतही लक्षात असू द्या. अस्तराचा पांढरा पदर साडीच्या बाजूला ठेवायचं हे आणखी एक कारण.

उडवायच्या पतंगाची कमान ताठ ताणतात. आपण ती सैल ठेवायची. कागदावर बोट अलगद दाबलं तर तो किंचित आत जायला हवा. डफासारखा वाजला तर समजा की चार दिवसांत चिरणार. कमानीची टोकं कोपऱ्यांत कागदाच्या लहान तुकड्यांनी बसवा, कणा मात्र वरपासून खालपर्यंत तीन पट्ट्यांनी धरा.

आता टांगणं. इथं काळ्या साडीचा खरा उपयोग होतो. काळा सुती दोरा काळ्या साडीवर दिसत नाही. पतंगाच्या कमानीच्या दोन्ही टोकांना एकेक काळा दोरा बांधा आणि दोन्ही वर रॉडला न्या. पतंग साडीला टेकत नाही, चिकटत नाही, नुसता हवेत उभा दिसतो. पतंग तिरका हवा असेल तर एका बाजूचा दोरा चार-पाच इंच आखूड करा. मोठ्याला एवढा कल पुरेसा असतो. लहानाला तीन इंचही बास. गाठी पक्क्या मारायच्या नाहीत, रॉडवर दोन वेढे देऊन फुलगाठ ठेवा. कारण पहिल्यांदा लावल्यावर सात-आठ पावलं मागं जाऊन बघितलं की दोन तरी हलवावेच लागतात.

मांडणी कशी करावी याबद्दल माझं मत ठाम आहे. पाचही पतंग एका ओळीत टांगले की दुकानातल्या मालासारखे दिसतात. मोठे दोन खाली आणि फिरकीच्या जवळ, लहान तीन वर आणि दुसऱ्या टोकाकडे सरकत जातील असे लावा. लांबचा पतंग लहान दिसतो हे डोळ्याला माहीत असतं, त्यामुळे साडीच्या पावणेचार फुटांत आभाळ मावतं. आणि पाचही पतंगांचे रंगीत दोरे एकाच ठिकाणी उतरले पाहिजेत. साडीच्या डाव्या किंवा उजव्या कोपऱ्याखाली पाटावर फिरकी ठेवा, तिच्या शेजारी सुगडं, आणि सगळे रंगीत दोरे त्या फिरकीत जमू द्या. एवढ्यानं सगळ्या सजावटीला एक गोष्ट मिळते: कुणीतरी इथं बसून उडवतंय. दोरे भलतीकडे गेले तर कितीही रंग वापरा, पसाराच दिसतो.

रंगीत दोरा कोणता? पहिल्या वर्षी मी लोकर घेतली होती, रंग छान मिळतात म्हणून. पण लोकर ताणते. सकाळी बेताचा असलेला झोल दोन दिवसांत जमिनीला टेकतो. त्यापेक्षा क्रोशाचा सुती दोरा चांगला. त्याला वजन असतं, तो ताणत नाही आणि रंग दुरून दिसतो. रिळावरून काढल्यावर मात्र त्याच्या अंगात वळ्या राहतात, लावला की मधे मधे स्प्रिंगसारखा उसळतो. आदल्या रात्री हव्या तेवढ्या लांबीचे दोरे कापून, खाली कुलूप बांधून दाराच्या कडीला टांगून ठेवा. सकाळी सरळ झालेले असतात.

आणि दोरा ताठ बांधू नका. खऱ्या पतंगाचा दोरा कधीच पट्टीनं आखल्यासारखा नसतो, त्याला पोट असतं. पतंगाच्या कण्यापासून फिरकीपर्यंत सहा फूट अंतर असेल तर दोरा सहा फूट दोन इंच घ्या. दोनच इंच जास्त, पण मधे सातेक इंचांचा झोल येतो. मोठ्या पतंगाला कमी झोल, लांबच्या लहानाला थोडा जास्त. दोरा कण्याला बांधताना खऱ्या पतंगासारखं मंगळसूत्र पाडायची गरज नाही. कमान आणि कणा जिथं एकमेकांना छेदतात तिथं एक गाठ पुरे. या दोऱ्याच्या हलक्या ओढीनंच पतंग जागेवर राहतो, पंखा लागला तरी गिरक्या घेत नाही.

शेपट्या पिवळ्या तावातून उरलेल्या पाच इंची पट्टीच्या. अर्धा-पाऊण इंच रुंदीच्या कापून दोन-तीन एकत्र बांधा. एवढंच बघा की कुठलीही शेपटी समईच्या वर किंवा आसपास येणार नाही. समई साडीपासून किमान तीन फूट पुढं आणि बाजूला असावी. हळदीकुंकवाला वाकणाऱ्या बायकांच्या पदरानं हवा हलते आणि तेवढ्यानं पतंगी कागदाची शेपटी ज्योतीकडे झुकते. हा कागद पेट घ्यायला एक क्षण लावतो. उजेड हवाच असेल तर छताकडून साधा एलईडी दिवा साडीवर टाका.

आता बाल्कनी. इथं माझा पहिला सल्ला असा की वर केलेले अस्तराचे मोठे पतंग बाहेर नेऊ नका. जत माळरानावरचं गाव. तालुक्यातल्या डोंगरकडांवर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. त्या जोमात फिरतात पावसाळ्यातल्या पश्चिमेच्या वाऱ्यावर, हे खरं. जानेवारीत वारा बहुतेक पूर्व-ईशान्येकडून आणि तसा सौम्य असतो. पहाटे तर पानही हलत नाही, आणि सजावट आपण पहाटे किंवा रात्रीच करतो, तिथंच फसतो. ऊन वर आलं की नऊ-दहाच्या सुमारास झुळका सुरू होतात. ताशी वीस किलोमीटरचा वारा पंधरा इंची पतंगावर समोरून आला तर त्याला पाव किलोहून थोड्या जास्त जोरानं ढकलतो, आणि वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. एक धक्का कागद सोसतो. मिनिटाला तीस वेळा फडफडणं सोसत नाही.

बाल्कनीसाठी म्हणून मी एकच नियम पाळते. पतंग एकतर चार ठिकाणी बांधायचा, नाहीतर एकाच ठिकाणी. दोन किंवा तीन ठिकाणी बांधलेला पतंग हमखास फाटतो, कारण त्याची मोकळी बाजू शिडासारखी भरते आणि बांधलेल्या बाजूवर हिसके देते. कुठून फाटलाय ते बघितलं की चूक कळते. गाठीपाशी चंद्रकोरीसारखी चीर असेल तर तो हिसक्यानं गेला. मधोमध उभी चीर असेल तर कमान फार ताठ होती.

चार ठिकाणी बांधायचा म्हणजे ग्रीलच्या आतल्या बाजूनं, कण्याची दोन टोकं आणि कमानीची दोन टोकं गजांना धरून. आतल्या बाजूनं अशासाठी की वारा आत येताना पतंग गजांपासून सुटतो, पण जाताना गज त्याला मागून आधार देतात. आणि गाठी घरातून सोडता येतात, ग्रीलबाहेर हात घालावा लागत नाही. इथं मात्र कागदाला अस्तर नको. बाल्कनीत प्रकाश पतंगाच्या मागून येतो, आणि जो पातळपणा काळ्या साडीवर नडतो तोच इथं कामाला येतो. सकाळी पूर्वेच्या बाल्कनीत एकपदरी केशरी पतंगातून आलेलं ऊन फरशीवर केशरी चौकोन टाकतं. बैठकीत हे कितीही पैसे खर्चून होत नाही.

एकाच ठिकाणी बांधायचे पतंग लहान आणि जाड कागदाचे हवेत. घरातल्या जुन्या लग्नपत्रिका काढा. पत्रिकेचा कागद जाड, एका बाजूनं बहुधा सोनेरी किंवा लाल, आणि टाकून देववत नाहीत म्हणून त्या साठलेल्याच असतात. चार-पाच इंचांचे चौकोन कापा, ज्यावर देवाचं चित्र आहे तेवढा भाग बाजूला काढून ठेवा. कोपऱ्यात भोक पाडून तिथं जाड दोरा ओवा, आणि असे सात-आठ एका उभ्या दोऱ्यावर वितभर अंतरानं लटकवा. हे वाऱ्यानं फिरतात, गिरक्या घेतात, पण फाटत नाहीत, कारण वाऱ्याला अडवत नाहीत. दोरा खालून मोकळा सोडला तर शेजारच्या दोऱ्यात गुंततो. त्याला तळाला वजन लागतं. पहिल्यांदा मी सणाला शोभेल म्हणून हलव्याच्या पुरचुंड्या बांधल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक दोऱ्यावर मुंग्यांची रांग वर जात होती. आता हार्डवेअरच्या दुकानातून लोखंडी नट आणते आणि त्यावर रंगीत दोरा गुंडाळते.

बाल्कनीत ऊन कुठवर येतं हेही आधी बघून घ्या, रंग टिकणं त्यावर आहे. संक्रांतीच्या सुमारास सूर्य दक्षिणेकडे असतो. आपल्या जतमध्ये भर दुपारी तो क्षितिजापासून साधारण बावन्न अंश वर येतो, उन्हाळ्यासारखा डोक्यावर नसतो. त्यामुळे दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन खोल शिरतं आणि उत्तरेच्या बाल्कनीत दिवसभर येत नाही. दक्षिणेला चार फूट पुढं आलेला स्लॅब असेल तर दहा ते दोनच्या वेळात त्याखालच्या भिंतीचा वरचा चार-पाच फुटांचा भाग सावलीत राहतो. तिथं लावलेल्या पतंगाचा रंग खालच्यापेक्षा बराच जास्त टिकतो. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन लागतंच, त्याला इलाज नाही. महिनाभराचा काळ असेल त्या वर्षी मी बाहेर पिवळा आणि पांढराच वापरते. ते फिकटले तरी बिचारे दिसत नाहीत. आणि तुळशीला पाणी घालताना शिंतोडे कुठवर उडतात ते बघा. ओल्या पतंगी कागदाचा रंग भिंतीवर ओघळला की चुन्याच्या हातावाचून जात नाही.

दोऱ्याबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय बाल्कनी पुरी होत नाही. मुलं सजावटीसाठी म्हणून कापून आलेले पतंग आणतात, त्यांच्या मागं हातभर मांजा असतो. तो आधी कापून टाका आणि केराच्या टोपलीत तुकडे करून टाका. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं ११ जुलै २०१७ रोजी देशभर बंदी घातली, तरी तो सापडतोच. काच लावलेला सुती मांजाही ग्रीलला बांधताना बोट कापतो. आणि साधा रंगीत दोराही उघड्या बाल्कनीत या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवा ताणू नका. बारीक आडवा दोरा चिमणीला, पारव्याला उडताना दिसत नाही. उभे लटकणारे दोरे, खाली वजन आणि वर लग्नपत्रिकेचे फिरते चौकोन असले की पाखरं लांबूनच वळतात. आमच्या बाल्कनीत वरच्या कोपऱ्यात चिमणीचं घरटं आहे. तो कोपरा मी दरवर्षी रिकामा ठेवते.

किती वेळ लागतो, असं विचाराल. पाच पतंग करायला दोन निवांत दुपारी. पहिल्या दिवशी हीर भिजवून वाळवणं, कागद कापून कडा चिकटवणं. दुसऱ्या दिवशी काड्या बसवणं आणि शेपट्या. टांगायला तास-दीड तास, तोही मदतीला कुणी असेल तर. गेल्या वर्षी शेजारचा नातू आला होता. स्टुलावर चढून त्यानं आधी खिशातून हातोडी काढली. "बाई, खिळा मारू का प्रत्येकाला?" म्हटलं, एकही नाही. मग काळे दोरे रॉडवरून खाली आले, मी पतंग बांधत गेले आणि तो मागं पलंगावर उभा राहून सांगत राहिला: डावा वर, अजून वर, आता जास्त झाला. तेराव्या मिनिटाला त्यानं विचारलं की हे उभे कशावर आहेत. मी काळा दोरा त्याच्या बोटाला लावून दाखवला.

रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी सगळं उतरवताना उलट्या क्रमानं जा. आधी फिरकीकडचे रंगीत दोरे सोडा, मग वरच्या फुलगाठी. रंगीत दोरे पुठ्ठ्यावर गुंडाळा, रिळावर नको, म्हणजे पुढच्या वर्षी वळ्या कमी पडतात. पतंगांच्या कमानी कोपऱ्यांतून काढून मोकळ्या करा, नाहीतर वर्षभर ताणून कागद जातोच. कागद सपाट करून जुन्या कॅलेंडरच्या पानांत घाला आणि गादीखाली ठेवा. पांढरं अस्तर पिवळसर झालं असेल तर तेवढंच बदला. साडी झटकून, एक दिवस सावलीत टाकून मग घडी घाला. माझी इरकल फेब्रुवारीच्या शेवटी एका लग्नाला लागते, तेव्हा घडी घालण्याआधी काठाजवळ चिमट्यांच्या खुणा उठल्यात का ते उजेडात नेऊन बघते. उठल्या असतील तर कापूस ओला करून दाबला की निघतात.